प्रकल्प नोंदी: तीन भाव आणि एका युरोमागचा नफा

३ फेब्रुवारी

आजपासून काम सुरू. प्रोग्रामने करायचं ते एवढंच: तीन चलनजोड्यांचे भाव वाचायचे, त्यांतल्या दोन जोड्यांवरून तिसरीचा क्रॉस दर काढायचा, बाजारात त्या तिसरीचा प्रत्यक्ष भाव काय चाललाय त्याच्याशी तो ताडायचा, आणि तफावत असली तर पूर्ण फेरा मारून, म्हणजे एका चलनातून दुसऱ्यात, तिसऱ्यात आणि परत पहिल्यात येऊन, सुरुवातीच्या एका युरोमागे किती सुटतं ते सांगायचं. प्रत्यक्ष सौदे करायचे नाहीत. भावांची साठवलेली फाइल हाताशी आहे, तिच्यावरच हिशेब चालेल.

चलनं युरो, पाउंड आणि डॉलर ही घेतली, कारण तिन्ही जोड्यांचे भाव बाजारात थेट मिळतात आणि तिन्हींत उलाढाल भरपूर असते. जोडी कशी लिहायची याचा रिवाज ठरलेला आहे. युरो नेहमी आधी, मग पाउंड, मग डॉलर. आधी लिहिलेल्या चलनाचं एक एकक नंतरच्या चलनात किती पडतं, तो भाव. हा क्रम डोक्यात पक्का नसेल तर पुढे गुणायचं की भागायचं इथेच गोंधळ होतो.

फाइल चाळताना एक क्षण सापडला, त्यावरच सुरुवात करतो. पहिला आकडा बिड, म्हणजे समोरचा ज्या भावाला घेतो तो; दुसरा आस्क, म्हणजे तो ज्या भावाला विकतो तो.

```
EUR/USD  1.0850  1.0852
GBP/USD  1.2700  1.2703
EUR/GBP  0.8550  0.8552
```

आधी पुस्तकी पद्धत. बिड आणि आस्क यांच्या मधला भाव घ्यायचा: युरो-डॉलर १.०८५१, पाउंड-डॉलर १.२७०१५. एका युरोचे १.०८५१ डॉलर आणि एका पाउंडाचे १.२७०१५ डॉलर, तर एका युरोचे पाउंड किती? भागाकार केला की ०.८५४३०९. बाजारात मात्र युरो-पाउंडचा मधला भाव ०.८५५१ आहे, म्हणजे डॉलरमार्गे जो दर निघतो त्यापेक्षा थेट जोडीत युरो महाग आहे. महाग तिथे विकायचा, स्वस्त तिथे घ्यायचा. ०.८५५१ ला ०.८५४३०९ ने भागलं की १.०००९२६ येतं, म्हणजे दहा हजार युरोमागे ९.२६ युरो.

हा आकडा मुद्दाम लिहून ठेवतोय, पुढच्या प्रत्येक पायरीला त्यातलं किती गळतं ते मोजता येईल.

५ फेब्रुवारी

मधल्या भावाला कोणी सौदा करत नाही. आपण विकायला गेलो तर समोरचा बिड देतो, घ्यायला गेलो तर आस्क मागतो. म्हणून क्रॉस दर एक नसतो, दोन असतात, आणि त्या दोघांच्या मध्ये एक पट्टा तयार होतो.

डॉलरमार्गे युरो विकून पाउंड घ्यायचे असतील तर युरो १.०८५० ला जाईल (बिड) आणि पाउंड १.२७०३ ला मिळेल (आस्क). भागाकार ०.८५४१२९. हा डॉलरमार्गे बनलेला बिड. उलट, पाउंड देऊन युरो घ्यायचा असेल तर पाउंड १.२७०० ला विकला जाईल आणि युरो १.०८५२ ला पडेल. १.०८५२ ÷ १.२७०० = ०.८५४४८८. हा डॉलरमार्गे बनलेला आस्क. पट्टा ०.८५४१२९ ते ०.८५४४८८, रुंदी साधारण ३.६ पिप, म्हणजे चौथ्या दशांशातले ३.६. थेट युरो-पाउंडचा स्प्रेड, म्हणजे बिड आणि आस्क यांतलं अंतर, २ पिप, पण वळसा घेतला की दोन स्प्रेड अंगावर येतात, म्हणून हा पट्टा रुंद असणारच.

आता नियम सरळ होतो. थेट बिड या पट्ट्याच्या वरच्या टोकापेक्षा वर असेल, किंवा थेट आस्क खालच्या टोकापेक्षा खाली असेल, तरच फेऱ्यात काही आहे. दोन्ही पट्टे एकमेकांवर जराही चढत असतील तर काही नाही. आपल्या क्षणात थेट बिड ०.८५५० आहे आणि पट्ट्याचं वरचं टोक ०.८५४४८८, म्हणजे पहिली अट पुरी होते.

फेरा असा: एक युरो विकला, ०.८५५० पाउंड आले. ते विकले, ०.८५५० × १.२७०० = १.०८५८५ डॉलर आले. त्यांतून युरो १.०८५२ ने परत घेतला. १.०८५८५ ÷ १.०८५२ = १.०००५९९. एका युरोमागे ०.०००५९९ युरो, दहा हजारांमागे ५.९९.

९.२६ मधले ३.२७ कुठे गेले? तीन जोड्यांचे स्प्रेड त्यांच्या भावाच्या प्रमाणात मोजले तर दहा हजारी १.८४, २.३६ आणि २.३४ येतात. बेरीज ६.५४, आणि तिचं निम्मं बरोबर ३.२७. मधल्या भावापासून बिड किंवा आस्कपर्यंत जाताना प्रत्येक सौद्यात अर्धा स्प्रेड द्यावा लागतो, तीन सौद्यांत तीन अर्धे. यावरून एक झटपट चाळणीही मिळते: मधल्या भावाने निघालेला नफा स्प्रेडच्या बेरजेच्या निम्म्याहून जास्त नसेल तर पुढचा हिशेब करायचीच गरज नाही.

ताडून बघायला थेट भाव ०.८५४४/०.८५४६ करून पाहिला, बाकीचे दोन तेच. मधल्या भावाने दहा हजारी २.२४ नफा दिसतो. बिड-आस्कने फेरा मारला तर १.०३ तोटा, आणि उलट्या दिशेने ५.५१ तोटा. वहीत फायदा, बाजारात दोन्हीकडून मार. त्रिकोणी आर्बिट्राजची, म्हणजे अशा तीन चलनांच्या फेऱ्यातून नफा काढण्याची, जी उदाहरणं प्रत्येक जोडीला एकच आकडा देऊन सोडवलेली असतात, त्यांतली बरीचशी स्प्रेड लावला की विरघळतील असं मला वाटतं.

८ फेब्रुवारी

गाभ्याचं फंक्शन लिहिलं. दोन्ही दिशा एकदमच काढतो.

```python
def fera(eu, gu, eg):      # प्रत्येकी (बिड, आस्क)
    a = eg[0] * gu[0] / eu[1] - 1
    b = eu[0] / gu[1] / eg[1] - 1
    return a, b
```

`a` म्हणजे युरो ते पाउंड ते डॉलर ते युरो. `b` म्हणजे युरो ते डॉलर ते पाउंड ते युरो. आपल्या क्षणाला `a` = ०.०००५९९ आणि `b` = उणे ०.००१२५२.

दोन्ही दिशांचे गुणक एकमेकांशी गुणले की एक छान गोष्ट दिसते. वरच्या सूत्रांतून पाहिलं तर गुणाकारात प्रत्येक जोडीचा बिड वर आणि आस्क खाली उरतो. म्हणजे तीन जोड्यांच्या बिड भागिले आस्क यांचा गुणाकार. बिड नेहमी आस्कपेक्षा कमी, म्हणून हा गुणाकार एकापेक्षा कमीच असणार. आपल्याकडे तो ०.९९९३४६ येतो. थोडक्यात, दोन्ही दिशांना एकाच वेळी नफा निघूच शकत नाही. हे मी प्रोग्राममध्ये तपासणी म्हणून घातलं: `a` आणि `b` दोन्ही धन आले तर संधी सापडलेली नसते, कुठल्यातरी जोडीत बिड-आस्क उलटे पडलेले असतात किंवा ओळ अर्धवट वाचली गेलेली असते. अशी ओळ बाजूला टाकायची.

गोलाईबद्दल एक गोष्ट. क्रॉस दर छापताना चार दशांशांपर्यंत आणायचा मोह होतो, कारण पडद्यावर भाव तसेच दिसतात. पण ०.८५४४८८ चा ०.८५४५ केला की नफा दहा हजारी ५.९९ चा ५.८५ होतो. वाईटात वाईट गोलाई अर्ध्या पिपाची, म्हणजे या भावाला दहा हजारी जवळजवळ ०.६ ची चूक. खऱ्या बाजारातल्या तफावती याच मापाच्या असतात. त्यामुळे मधला कुठलाच आकडा गोल करायचा नाही, फक्त शेवटचा छापताना.

११ फेब्रुवारी

काम बघायला एक मित्र आला होता. काही वर्षं बँकेच्या डीलिंग रूममध्ये होता. त्याचा पहिलाच प्रश्न: "नफा कशात मोजतोयस?"

प्रश्न दिसतो त्यापेक्षा नेमका आहे. फेरा गोल आहे, त्यामुळे सुरुवात युरोने करा, पाउंडाने करा की डॉलरने, तेच तीन आकडे तशाच गुणाकार-भागाकारात येतात, फक्त क्रम सरकतो. म्हणून एका एककामागचं प्रमाण बदलत नाही: एका युरोमागे ०.०००५९९ युरो, एका डॉलरमागे ०.०००५९९ डॉलर. पण हे प्रमाण आहे, रक्कम नव्हे. रक्कम किती लावता येते ते त्या भावाला किती माल उभा आहे त्यावर ठरतं, आणि प्रत्येक जोडीत तो माल आधी लिहिलेल्या चलनात मोजलेला असतो.

फाइलमध्ये या क्षणाला उभा असलेला माल असा: युरो-पाउंडच्या बिडला २० लाख युरो, पाउंड-डॉलरच्या बिडला १० लाख पाउंड, युरो-डॉलरच्या आस्कला ३० लाख युरो. तिन्ही सुरुवातीच्या युरोंत आणायचे. पहिला २० लाखच. दुसरा १० लाख ÷ ०.८५५० = ११,६९,५९०.६४ युरो. तिसरा जवळपास ३० लाख. सगळ्यांत अरुंद मान पाउंड-डॉलरची, म्हणून फेरा ११.७ लाख युरोंच्या आतबाहेरचाच. १० लाख पाउंडांचे १२,७०,००० डॉलर, त्यांचे ११,७०,२९१.१९ युरो. सुटले ७००.५५ युरो. पहिल्या बिडचे पूर्ण २० लाख लावले तर उरलेले पाउंड पुढच्या, खालच्या बिडला विकावे लागतील आणि तिथे प्रमाणच बदलेल.

सौद्याच्या खर्चाचा हिशेब लगेच करून टाकला. प्रत्येक सौद्याला रकमेच्या ठरावीक हिश्शाइतका आकार असेल तर फेऱ्याचा गुणक (१ − आकार) च्या घनाने गुणायचा. १.०००५९९ चा नफा शून्यावर आणायला दर सौद्याला दहा हजारी २ इतका आकार पुरतो. याहून महाग सेवा घेणाऱ्याने हा क्षण बघूच नये.

१२ फेब्रुवारी

कालचा ७००.५५ चा आकडा मला स्वस्थ बसू देईना, कारण कोणीही ११,६९,५९०.६४ युरो असा सौदा घेत नाही. रक्कम ठरावीक पायऱ्यांनीच लावता येते. समजा पायरी १,००० ची आहे.

११,६९,००० युरो विकले: ९,९९,४९५ पाउंड आले. यांतले ९,९९,००० च विकता येतील: १२,६८,७३० डॉलर. यांत ११,६९,००० युरो घेतले, त्यांना १२,६८,५९८.८० डॉलर लागले. हातात उरलं काय? युरो जितके होते तितकेच. म्हणजे युरोत नफा शून्य! पण बाजूला ४९५ पाउंड आणि १३१.२० डॉलर पडलेत.

नफा बुडाला नाही, वेश बदलून आलाय. ४९५ पाउंड बिडला विकले असं धरलं तर ६२८.६५ डॉलर, त्यात १३१.२० मिळवले तर ७५९.८५ डॉलर, आणि १.०८५२ ने त्यांचे ७००.१९ युरो. प्रमाणावरून ११,६९,००० युरोंना यायला हवे होते तेही ७००.१९. आकडे जुळले, आणि ही जुळणी आता प्रोग्रामची दुसरी तपासणी आहे. मात्र उरलेली चिल्लर मोकळी राहिली तर ती उघडी पोझिशन असते. पाउंड पडला की नफ्यातलंच काही घेऊन जातो. मोजताना ती त्याच क्षणाच्या बिड-आस्कने मोजायची, मधल्या भावाने नाही.

१७ फेब्रुवारी

इथपर्यंत तिन्ही भाव एकाच क्षणाचे आहेत असं गृहीत धरलं होतं. आता फाइलमधल्या वेळा उघडल्या. या नोंदीत मी रेंगाळणार आहे, कारण सगळ्या प्रकल्पाचा जीव इथेच आहे.

आपल्या क्षणाच्या आधीची स्थिती:

```
EUR/USD  1.0860  1.0862
GBP/USD  1.2700  1.2703
EUR/GBP  0.8550  0.8552
```

डॉलरमार्गे पट्टा ०.८५४९१६ ते ०.८५५२७६, थेट भाव ०.८५५०/०.८५५२. एकमेकांवर चढलेले, सगळं सुसंगत, फेऱ्यात काही नाही. मग युरो-डॉलर एका झटक्यात १० पिप खाली आला, १.०८५०/१.०८५२. पाउंड-डॉलर जागचा हलला नाही. युरो-पाउंडही हलला नाही, पण तो हलायला हवा होता. २४० मिलिसेकंदांनी तो ०.८५४२/०.८५४४ झाला आणि सगळं पुन्हा सुसंगत.

म्हणजे आपला दहा हजारी ५.९९ चा नफा जन्मला युरो-डॉलरच्या हालचालीने आणि मेला युरो-पाउंडच्या नव्या भावाने. मधल्या वेळात युरो-पाउंडचा भाव शिळा होता. युरो-पाउंडसारख्या जोडीचा भाव देणारे दोन्ही डॉलर जोड्यांकडे बघूनच भाव लावतात. त्यामुळे बाजार पुन्हा सुसंगत व्हायला कोणी फेरा मारायलाच हवा असं नाही. भाव देणाऱ्याने आपला जुना भाव काढून नवा लावला तरी काम होतं.

जर तिन्ही सौदे एकदम पाठवले आणि युरो-पाउंडचा आपला सौदा पोचेस्तोवर तिथे नवा भाव लागला, तर? पाउंड-डॉलर आणि युरो-डॉलर ठरल्या भावाला होतात, युरो-पाउंड ०.८५४२ ला होतो. ०.८५४२ × १.२७०० ÷ १.०८५२ = ०.९९९६६३. दहा हजारी ३.३७ तोटा. दहा लाख युरोंच्या फेऱ्यात ५९९ युरोंच्या आशेवर ३३७ युरोंचा फटका. युरो-पाउंडला मर्यादा भाव लावून "०.८५५० नाहीतर नको" म्हटलं तरी सुटका नाही, कारण मग बाकीचे दोन सौदे होऊन आपण पाउंड विकून युरो धरून बसतो, आणि ते मोकळं करायला पुन्हा ०.८५४२ लाच जावं लागतं. फटका तोच, फक्त उशिरा.

शिळा भाव ओळखायचा कसा? पहिला विचार म्हणजे वय: अमुक मिलिसेकंदांहून जुना भाव टाकून द्यायचा. हे पुरेसं नाही. शांत वेळेला भाव कितीतरी वेळ बदलत नाही आणि तरी तो जिवंत असतो, त्याला माल विकता येतो. महत्त्वाचं हे की तो थांबलेला असताना बाकीचे दोन हलले का. म्हणून आता दर संधीला दोन गोष्टी टिपतो: कुठल्या जोडीच्या हालचालीने ती उघडली आणि कुठल्या जोडीच्या हालचालीने मिटली. उघडणारी एक आणि मिटवणारी वेगळी असेल, तर मिटवणारी मागे राहिलेली होती असा संशय घ्यायचा. उघडणारीच परत जागेवर आली तर तिचा तो एक भाव भरकटलेला होता. दर वेळी एकच जोडी मिटवताना दिसत असेल तर आपल्यालाच त्या जोडीचे भाव उशिरा मिळत असावेत, हीही शक्यता धरायची.

या पद्धतीची हद्दही लिहून ठेवतो. खरोखर कोणी फेरा मारला असेल तरी युरो-पाउंडचा बिड खालीच येतो, कारण त्याने तिथला माल उचललेला असतो. फक्त भावांच्या फाइलवरून "भाव बदलला" आणि "माल उचलला गेला" यांत फरक करता येत नाही. त्यासाठी झालेल्या सौद्यांची नोंद लागते, ती माझ्याकडे नाही.

१९ फेब्रुवारी

वेळेचाच आणखी एक पदर. फाइलमधली वेळ ही भाव निघाल्याची आहे की आपल्याकडे पोचल्याची? दोन भाव दोन वेगळ्या शहरांतल्या यंत्रांवरून येत असतील तर फरक पडतो. लंडन ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण ५,५७० किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सरळ रेषेत तार टाकली तरी एका बाजूला २८ मिलिसेकंद. पोचल्याच्या वेळेने लावलेल्या रांगेत लांबून येणारी जोडी कायमच थोडी शिळी दिसणार, आणि प्रोग्राम तिच्यावर संधी शोधत बसणार. निघाल्याची वेळ असलेला रकाना सापडला, आता रांग त्यावर लावली आहे. पण सौदा पाठवायचा झाला तर आपण पोचल्याच्या वेळेतच जगतो, म्हणून दोन्ही वेळा ठेवल्या.

त्यावर बसवलेली चाचणी साधी आहे: संधी ज्या क्षणी दिसली त्याच्या ठरावीक मिलिसेकंद पुढचे भाव घेऊन फेरा पुन्हा मोजायचा. आपल्या नमुन्यात विलंब १० किंवा ५० धरला तर ५.९९ नफा टिकतो, ३०० धरला तर ३.३७ तोटा होतो. छापताना आता एकच आकडा येत नाही, विलंबाप्रमाणे आकड्यांची ओळ येते, आणि तिचं चिन्ह कुठे पालटतं ते बघायचं.

अर्थात यात एक उदार गृहीतक आहे, की त्या विलंबात आपल्या पुढे कोणी नव्हतं.

२४ फेब्रुवारी

त्या उदार गृहीतकाला किंमत लावली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खरोखर सौदा होऊ शकेल असे भाव घेऊन हेच तपासलं होतं. निष्कर्ष असा की संधी असतात, पण बहुतेक अल्पायुषी आणि बारीक असतात, आणि दीर्घकाळ नफ्यात राहायला इतरांच्या आधी भाव पकडण्याचं जे प्रमाण लागतं ते व्यवहारात गाठण्यासारखं नाही. ते प्रमाण कसं निघतं ते स्वतःच्या आकड्यांनी करून बघावं म्हटलं.

धरा की तिन्ही सौदे हव्या त्या भावाला झाले तर दहा हजारी १ सुटतं, आणि एखादा जरी हुकला तर आवरताना २ जातात. प्रत्येक सौदा पकडण्याची शक्यता सारखी आणि एकमेकांशी असंबंधित धरू. शक्यता दर सौद्याला ०.९ असेल तर तिन्ही होण्याची ०.७२९. सरासरी: ०.७२९ मिळाले, ०.२७१ × २ = ०.५४२ गेले, उरले ०.१८७. शक्यता ०.८ झाली की तिन्ही होण्याची ०.५१२ आणि सरासरी उणे ०.४६४. बरोबरी होते ती तिन्ही होण्याची शक्यता दोन तृतीयांश असताना, म्हणजे दर सौद्याला ०.८७४. दहापैकी जवळजवळ नऊ वेळा, प्रत्येक जोडीत, सगळ्यांच्या आधी. आणि हे सगळं सौद्याचा खर्च शून्य धरून.

असंबंधित हे गृहीतक खरं नाही, हे मला माहीत आहे. हुकणारा सौदा बहुतेक वेळा तोच असतो ज्याच्यावर सगळा नफा उभा आहे, आपल्या नमुन्यातला युरो-पाउंडसारखा. बाकीचे दोन भाव ताजे आणि सर्वांना ठाऊक असलेले, त्यांना कोणीही माल देईल. म्हणून हिशेबात पुढे तिन्ही शक्यता समान न धरता मागे राहिलेल्या जोडीला वेगळी शक्यता द्यायची सोय केली. बाकीच्या दोघींना ०.९८ दिली तर तिसरीला बरोबरीसाठी ०.६९४ लागते. दिसायला सोपं, पण शिळ्या भावावर बाजारातली सगळीच घाईची मंडळी तुटून पडलेली असतात.

२७ फेब्रुवारी

युरो, डॉलर आणि कॅनेडियन डॉलर हा त्रिकोण जोडायचा होता. भावांचा हिशेब तसाच, सूत्रात फक्त जोड्या बदलतात. पण इथे अडचण भावांत नाही, तारखांत आहे. बहुतेक जोड्यांचे पैसे सौद्यानंतर दोन कामकाजी दिवसांनी चुकते होतात, अमेरिकन डॉलर-कॅनेडियन डॉलरचे मात्र एका दिवसाने.

फेरा युरो ते कॅनेडियन ते अमेरिकन ते युरो असा मारला, तर कॅनेडियन डॉलर येणार परवा आणि द्यायचे उद्या. अमेरिकन डॉलर उद्या येणार आणि द्यायचे परवा. म्हणजे एका दिवसाकरता एक चलन उसनं घ्यायचं आणि दुसरं सांभाळायचं. दोघांच्या व्याजदरांत १ टक्क्याचा फरक असेल तर ३६० दिवसांच्या वर्षाने एका दिवसाचे दहा हजारी ०.२८. गुरुवारी सौदा केला तर एक तारीख शुक्रवार आणि दुसरी सोमवार पडते, तीन दिवस, म्हणजे ०.८३. हा खर्च की कमाई ते कुठलं चलन उसनं घ्यावं लागतंय त्यावर ठरतं, त्यामुळे दोन्ही दिशांना चिन्ह वेगळं येईल.

इथे हिशेबच दहा हजारी एकाच्या आसपासच्या नफ्याचे चालले आहेत, तिथे हा आकडा बाजूला टाकण्यासारखा नाही. एका दिवसाच्या अशा अदलाबदलीचे, म्हणजे स्वॅपचे, भाव फाइलमध्ये नाहीत, ते मिळवावे लागतील. तोवर कॅनेडियन डॉलरच्या जोड्या वाचायच्या पण फेऱ्यात धरायच्या नाहीत, अशी अट प्रोग्रामला घालून ठेवली आहे.